आड आणि पोहरा

सांगलीजवळच्या एका गावात राहणाऱ्या ताई ब्लाउज कटिंग आणि शिलाईचा ऑनलाइन अभ्यासक्रम विकतात. फी अडीच हजार रुपये. व्हिडिओ मराठीत आहेत, कागदावरचे नमुने पोस्टाने घरी जातात आणि शंका विचारायला व्हॉट्सॲपचा गट आहे. जाहिराती फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर. त्या जाहिरातींचं काम माझ्याकडे आहे. वर्षाच्या सुरुवातीला आम्ही दोघांनी मिळून एक चूक केली, ती उमगायला तीन महिने गेले. असे अभ्यासक्रम आज गावोगावी विकले जातात आणि ही चूक जवळपास प्रत्येक विकणारा कधीतरी करतोच, म्हणून त्यांच्या परवानगीने तो हिशेब इथे मांडतो. नाव नको, एवढंच त्यांनी सांगितलं.

जाहिरातीच्या पैशाला दोन वाटा असतात. पहिली वाट अनोळखी बायकांकडे जाते. त्यांनी ताईंचं नावही ऐकलेलं नसतं, स्क्रोल करता करता पाठीच्या गळ्याचा एक व्हिडिओ समोर येतो आणि अंगठा थांबतो. धंद्यात याला प्रॉस्पेक्टिंग म्हणतात. दुसरी वाट ज्यांनी व्हिडिओ अर्ध्याहून जास्त पाहिला, किंवा लिंक दाबून फीचं पान उघडलं पण पैसे भरले नाहीत, त्यांच्याकडे परत जाते. ते रीटार्गेटिंग. महिन्याचे नव्वद हजार या दोन वाटांवर कसे वाटायचे, हा आमचा प्रश्न होता.

जानेवारीत आम्ही अनोळखींवर 63 हजार आणि ओळखीच्यांवर 27 हजार खर्च केले. महिन्याअखेरीस रिपोर्ट उघडला. प्रॉस्पेक्टिंगच्या नावावर 27 प्रवेश, म्हणजे एका प्रवेशाला सुमारे 2,330 रुपये. रीटार्गेटिंगच्या नावावर 36 प्रवेश, एकेकाला 750 रुपये. शिवाय ज्यांचा माग लागला नाही असे सात. ताईंच्या वहीत एकूण 70.

हे आकडे समोर असताना कुणालाही जे वाटेल तेच ताईंना वाटलं. “दादा, इथे साडेसातशेत काम होतंय आणि तिथे अडीच हजारांची फी घ्यायला तेवीसशे जातात. मग तिकडचे पैसे इकडे का नाही आणायचे?” माझ्याकडे नेमकं उत्तर नव्हतं. मनात शंका होती, पण शंका आणि आकडा समोरासमोर आले की आकडा जिंकतो. फेब्रुवारीपासून आम्ही निम्मे-निम्मे केले, 45 हजार इकडे आणि 45 हजार तिकडे.

फेब्रुवारीत 66 प्रवेश झाले. चार कमी, पण महिनाही लहान होता, म्हणून मनावर घेतलं नाही. मार्चमध्ये 51 झाले. ताई म्हणाल्या, परीक्षांचे दिवस आहेत, मुलांच्या अभ्यासात बायकांना स्वतःसाठी वेळ कुठला. ते कारण खोटं नव्हतं. पण तसं असेल तर फीच्या पानावर येऊन परत जाणाऱ्या बायका तरी तेवढ्याच राहायला हव्या होत्या. त्या मोजल्या आणि खरी गोष्ट तिथे दिसली.

जानेवारीत पानाला नऊ हजार भेटी होत्या. एक भेट सुमारे सात रुपयांना पडत होती, 63 हजारांत नऊ हजार. मार्चमध्ये त्याच दराने 45 हजारांत आल्या साधारण 6,400. यात काही बायका दोनदा येतात, काहींची ओळख फेसबुकला पटत नाही, त्यामुळे परत हाक मारता येतील अशा बायका जानेवारीत सहा हजारांच्या आसपास होत्या, मार्चमध्ये 4,300. व्हिडिओ अर्ध्याहून जास्त पाहणाऱ्याही त्याच प्रमाणात घटल्या. दोन्ही मिळून वीस हजारांचा साठा चौदा हजारांवर आला होता आणि त्याच साठ्यावर खर्च होणारे पैसे मात्र 27 हजारांवरून 45 हजारांवर गेले होते.

आकडे वाचून दाखवले तेव्हा ताईंच्या सासूबाई शेजारी शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांना यातलं फारसं कळलं नसावं, पण ऐकून म्हणाल्या, “आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?” या सगळ्या प्रकरणाचं याहून नेमकं वर्णन मला अजून सापडलेलं नाही. रीटार्गेटिंग हा पोहरा आहे. तो पाणी वर आणतो, पाणी तयार करत नाही. आडात पाणी येतं ते प्रॉस्पेक्टिंगच्या झऱ्यातून, आणि आम्ही झरा बुजवून पोहरा मोठा केला होता.

मग फेब्रुवारीत घसरण का दिसली नाही? कारण शिलाईच्या अभ्यासक्रमाचा निर्णय त्याच दिवशी होत नाही. पान पाहिल्यापासून पैसे भरेपर्यंत ताईंच्या विद्यार्थिनींना बहुधा दहा-बारा दिवस लागतात. पहिल्या पंधरवड्यात पोहरा उपसत होता ते जानेवारीतच जमलेलं पाणी. खर्च बदलला की परिणाम यायला तेवढा उशीर होतो आणि त्या उशिरात माणसाला वाटतं की बदल मानवला. म्हणून अभ्यासक्रम विकणाऱ्यानं वाटणी बदलल्यावर पहिले पंधरा दिवस कोणताही निष्कर्ष काढू नये.

मार्चच्या घसरणीची दुसरी खूण फ्रीक्वेन्सीत होती. एका बाईला महिन्याभरात जाहिरात सरासरी किती वेळा दिसली, तो हा आकडा. जानेवारीत तो नऊ होता, मार्चमध्ये अठरा. सरासरी अठरा म्हणजे काहींना तीस-पस्तीस वेळा. शिवाय तीच ती माणसं पुन्हा पुन्हा गाठायची म्हणजे हजार वेळा जाहिरात दाखवण्याचा दरही चढतो. आमचा दीडशे रुपयांवरून 180 वर गेला होता. मार्चमध्ये रीटार्गेटिंगच्या नावावर 31 प्रवेश लागले. पैसे 18 हजारांनी वाढवून, रिपोर्टच्याच हिशेबाने, पाच प्रवेश कमी. जाहिरातीखाली एका बाईनं लिहिलं होतं, “ताई, रोज तुम्हीच दिसता. भिशी लागली की भरते, तोवर थांबा.” ते वाचून ताई बराच वेळ गप्प होत्या.

आता जानेवारीच्या त्या साडेसातशेकडे परत जाऊ, कारण सगळा घोळ त्या आकड्याच्या अर्थात आहे. फेसबुकचा रिपोर्ट एका प्रवेशाचं श्रेय एकाच जाहिरातीला देतो. नेहमीची मुदत अशी असते की, जाहिरातीवर क्लिक केल्यापासून सात दिवसांत, किंवा क्लिक न करता नुसती दिसल्यापासून एका दिवसात पैसे भरले, तर तो प्रवेश त्या जाहिरातीचा. इस्लामपूरच्या एका विद्यार्थिनीचा प्रवास ताईंनी व्हॉट्सॲपच्या गप्पांवरून जुळवून दाखवला. जानेवारीच्या मध्याला तिला कटोरी ब्लाउजचा व्हिडिओ दिसला, ती प्रॉस्पेक्टिंगची जाहिरात. तिनं पान उघडलं, व्हॉट्सॲपवर विचारलं, “माझी मशीन पायाची आहे, चालेल का? फी दोन हप्त्यांत घ्याल का?” ताईंनी दोन्हीला हो म्हटलं. मग दहा-अकरा दिवस ती थांबली. तेवढ्या काळात रीटार्गेटिंगची जाहिरात तिला दिसतच राहिली. हातात पैसे आले त्या दिवशी तिनं यूपीआयने पहिला हप्ता भरला. त्याच सकाळी स्क्रोल करताना तिच्यासमोरून जाहिरात एकदा सरकली होती, तिनं ती दाबलीही नव्हती. प्रवेश लागला रीटार्गेटिंगच्या नावावर. ओळख करून देणाऱ्या व्हिडिओवरच्या क्लिकला सात दिवस उलटून गेले होते, त्याला काहीच मिळालं नाही, आणि मशीनचं उत्तर देणाऱ्या ताईंचा तर रिपोर्टमध्ये रकानाच नाही.

म्हणजे रिपोर्ट खोटं बोलत नाही. शेवटचा हात कुणाचा लागला एवढंच तो सांगतो. पण आपण त्यातून भलतंच वाचतो, की तो हात नसता तर प्रवेश झाला नसता. जी बाई आज ना उद्या पैसे भरणारच होती, तिच्यासमोर जाहिरात उभी केली की श्रेय मिळतं. आणि रीटार्गेटिंगचा साठा तर अशाच बायकांचा बनलेला असतो. त्याचा आकडा स्वस्त दिसणं हे त्या यादीच्या रचनेतच आहे.

मग रीटार्गेटिंग निरुपयोगी का? तसंही नाही. यावर एक नीट केलेला प्रयोग उपलब्ध आहे. गॅरेट जॉन्सन, रँडल लुईस आणि एल्मार नुबेमायर यांनी 2017 साली ‘जर्नल ऑफ मार्केटिंग रिसर्च’मध्ये तो छापला. खेळाचं साहित्य विकणाऱ्या एका दुकानाच्या रीटार्गेटिंग मोहिमेत त्यांनी लोकांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले. एका गटाला जाहिरात दाखवली. दुसऱ्याला दाखवली नाही, पण ती कुणाला दिसली असती याची नोंद ठेवली. जाहिरातीमुळे संकेतस्थळावरच्या भेटी 17.2 टक्क्यांनी आणि खरेदी 10.5 टक्क्यांनी वाढली. परिणाम खरा आहे, आणि तो मोलाचाही आहे. पण जानेवारीचा आमचा रिपोर्ट निम्म्याहून जास्त प्रवेश रीटार्गेटिंगच्या पदरात टाकत होता. ते दुकान आणि आमचा अभ्यासक्रम यांची थेट तुलना होत नाही हे मान्य, तरी दहा टक्के आणि पन्नास टक्के यांतलं अंतर मला झोपू देईना.

एप्रिलमध्ये आम्ही टक्केवारी ठरवणंच सोडून दिलं. अमुक टक्के इकडे, तमुक टक्के तिकडे असे ठोकताळे बरेच ऐकायला मिळतात, पण त्या टक्क्यांना तुमचा साठा किती मोठा आहे हे ठाऊक नसतं. आम्ही उलट बाजूने सुरुवात केली. ओळखीच्या किती बायका आहेत, प्रत्येकीला किती वेळा हाक मारणं रास्त आहे आणि एका हाकेला किती पैसे पडतात, या तीन गोष्टींच्या गुणाकारातून रीटार्गेटिंगची रक्कम निघते. जे उरेल ते सगळं प्रॉस्पेक्टिंगचं.

ताईंनी वहीत मांडलं ते असं. प्रॉस्पेक्टिंगवर 75 हजारांच्या आसपास खर्च केले तर महिन्यात फीच्या पानावर येणाऱ्या, ओळख पटणाऱ्या सात हजार बायका धरू. पान पाहिल्यापासून चौदा दिवस त्यांना हाक मारायची, आठवड्याला तीनदा, म्हणजे सहा वेळा. त्या झाल्या 42 हजार हाका. हजाराला 180 रुपये दराने 7,560 रुपये. नुसता व्हिडिओ पाहणाऱ्या सोळा हजार धरू, त्यांची ओढ कमी, म्हणून तीनच वेळा. 48 हजार हाका, हजाराला दीडशे, म्हणजे 7,200. बेरीज 14,760. पंधरा हजार.

हा आकडा पाहून ताईंना धक्का बसला. ज्या कामाला पंधरा हजार पुरतात त्यावर आम्ही 45 हजार घालत होतो. जानेवारीचे 27 हजारही जास्तच होते. चौदा दिवसांची मुदत मात्र मी हवेतून घेतलेली नाही. ती ताईंच्या विद्यार्थिनींच्या दहा-बारा दिवसांवरून आली. पानावर आलेल्यांची यादी फेसबुक 180 दिवसांपर्यंत जपू देतं आणि ‘आहे तर वापरू’ म्हणून कितीजण सगळे 180 दिवस घेतात. सहा महिन्यांपूर्वी पान पाहून गेलेली बाई बहुतेक वेळा दुसरीकडे शिकून मोकळी झालेली असते. लाखाच्या फीचा अभ्यासक्रम असेल, घरात विचारून, कर्ज काढून घ्यायचा असेल, तर मुदत नक्कीच लांबवावी. ती आपल्याच मागच्या प्रवेशांच्या तारखांवरून काढावी.

हिशेब कागदावर नीट बसला तरी पडद्यावर तो तसाच उतरतो असं नाही. दोन ठिकाणी आमचं भांडं गळत होतं. पहिलं म्हणजे पैसे भरून झालेल्या बायकांनाही जाहिरात दिसत होती. हप्त्याने भरणाऱ्यांतल्या काहींना ताई व्हॉट्सॲपवर पेमेंटची लिंक पाठवत, ते पान आमच्या संकेतस्थळाबाहेरचं, त्यामुळे तिथल्या प्रवेशांची खबर फेसबुकला जातच नव्हती. दर सोमवारी प्रवेश घेतलेल्यांच्या मोबाइल नंबरांची यादी चढवून त्यांना वगळायला सुरुवात केली, तेव्हा ‘मी तर कधीच पैसे भरलेत’ असे निरोप थांबले. ही यादी चढवायची तर प्रवेशाच्या अर्जावर तशी संमती घेतलेली असली पाहिजे, ती ओळ आम्ही अर्जात घातली.

दुसरी गळती सूक्ष्म होती. प्रॉस्पेक्टिंगची जाहिरात खरोखर अनोळखींनाच जाते का, हे आम्ही कधी तपासलंच नव्हतं. यंत्रणेला प्रवेश आणून दे म्हटलं की ती सोपं सावज शोधते, आणि सगळ्यात सोपं सावज म्हणजे काल पान पाहून गेलेली बाई. जुन्या ओळखींना वगळलं नसेल तर प्रॉस्पेक्टिंगच्या नावाखाली रीटार्गेटिंगच चालू राहतं. ॲड्स मॅनेजरमध्ये `Audience segments` ही फोड उघडली की नवे लोक, ओळखीचे लोक आणि गिऱ्हाईक यांच्यावर गेलेला खर्च वेगळा दिसतो, मात्र आधी आपल्या याद्या तिथे सांगाव्या लागतात. आमच्या प्रॉस्पेक्टिंगमधला बराच पैसा ओळखीच्यांकडे वळत होता. पानावर आलेल्यांना आणि प्रवेश घेतलेल्यांना वगळल्यावर त्या जाहिरातीचा प्रवेशाचा दर रिपोर्टमध्ये आणखी महाग दिसू लागला. तो महाग दिसला म्हणून घाबरायचं नाही, हे तोवर आम्हाला कळलं होतं.

एक मोह आणखी टाळावा लागला. पानापर्यंत आलेल्या, पाव व्हिडिओ पाहिलेल्या, अर्धा पाहिलेल्या, पाऊण पाहिलेल्या, इन्स्टाग्रामवर लाइक केलेल्या, अशा पाच-सहा वेगळ्या थाळ्या मांडायचा. फेसबुकची यंत्रणा शिकायला प्रत्येक ॲड सेटमागे आठवड्याला सुमारे पन्नास घटना मागते. ताईंचे प्रवेश आठवड्याला सोळा-सतरा. ते सहा ठिकाणी वाटले तर कुणाचंच पोट भरत नाही. आम्ही अनोळखींचा एक आणि ओळखीच्यांचे दोन, एवढेच ठेवले.

एप्रिलमध्ये 60 प्रवेश झाले आणि मे महिन्यात 78. खर्च तोच, नव्वद हजार. त्यावर अठरा टक्के जीएसटी धरून 1,06,200, आणि प्रवेशाचा खरा दर काढताना हीच रक्कम घ्यायची. पण मे महिन्याचं श्रेय सगळं आमच्या वाटणीला देणं अप्रामाणिकपणाचं होईल. मुलांना सुट्ट्या होत्या, लग्नसराई होती. म्हणून जूनमध्ये आम्ही एक साधी परीक्षा घेतली.

कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हा एक गट. नाशिक, अहिल्यानगर, जळगाव, धुळे हा दुसरा. एप्रिल-मे मिळून पहिल्यातून 45 प्रवेश आले होते, दुसऱ्यातून 43, म्हणजे महिन्याला साधारण बावीस-बावीस. जूनचे चार आठवडे दुसऱ्या गटात रीटार्गेटिंग पूर्ण बंद ठेवलं, बाकी सगळं जसंच्या तसं. प्रवेश कुठून आला हे नमुने पाठवायच्या पोस्टाच्या पत्त्यावरून मोजलं, कारण मोबाइलच्या इंटरनेटवरून जिल्हा ओळखण्यात चुका होतात.

पहिल्या गटातून 23 आले, दुसऱ्यातून 19.

ताई म्हणाल्या, “चारच? म्हणजे चाराच्या फरकासाठी आपण एवढा जीव काढला?” त्यांना थांबवावं लागलं. काहीही न बदलता एका गटाच्या प्रवेशांत महिन्यागणिक चार-पाचचा चढउतार होतोच. म्हणून रीटार्गेटिंगनं चार प्रवेश आणले असं म्हणता येत नाही, आणि एकही आणला नाही असंही नाही. एवढ्या लहान आकड्यांतून तो नेमका आकडा निघणार नाही. पण दुसरी एक गोष्ट निघते. रिपोर्टप्रमाणे दर दुसरा प्रवेश रीटार्गेटिंगमुळे होत असता, तर ते बंद केल्यावर दुसरा गट अकराच्या आसपास घसरायला हवा होता. तो 19 वर राहिला. बारीक मोजमाप करायला ही फूटपट्टी जाड आहे, पण मोठी चूक पकडायला पुरेशी आहे. ज्यांचे महिन्याला हजारो प्रवेश होतात त्यांच्यासाठी फेसबुकचीच चिठ्ठ्या टाकून करायची परीक्षा आहे. आमच्यासारख्यांना जिल्हे बरे.

तेव्हापासून ताई रीटार्गेटिंगच्या खर्चाकडे पोहऱ्याच्या मापाने बघतात. साठा वाढला तर रक्कम वाढते, साठा घटला तर कमी होते, आणि फ्रीक्वेन्सी आठवड्याला तीनच्या वर गेली की आधी झऱ्याकडे बघायचं. त्या हाकांमध्ये काय बोलायचं हेही बदललं. आधी तोच कटोरी ब्लाउजचा व्हिडिओ पुन्हा दिसायचा. जिनं तो पाहूनच पान उघडलं तिला तो परत दाखवून काय मिळणार? आता तिथे ताई स्वतः पायाच्या मशीनवर बसून टीप घालून दाखवतात, हप्ता कसा भरायचा ते सांगतात, माप चुकलं तर कापड न फाडता कसं सावरायचं ते दाखवतात. हे विषय व्हॉट्सॲपवर बायकांनी विचारलेल्या प्रश्नांतूनच घेतले.

एकदाच त्यांनी ठरलेल्या मापाबाहेर जायचं ठरवलं. गौरी-गणपतीच्या आधी नव्या तुकडीचे प्रवेश बंद होणार होते, नमुन्यांचे संच मोजकेच छापले होते, त्यामुळे शेवटची तारीख खरीच होती. अशा वेळी थांबलेल्या बाईला तारीख सांगणं हे तिच्याही उपयोगाचं असतं. पानावर येऊन गेलेल्या सात हजार बायका, चार दिवस, रोज एकदा, हजाराला 180 रुपये. वहीत त्यांनी स्वतःच गुणाकार केला, 5,040, आणि माझ्याकडे न बघता त्याच दिवशी जाहिरात चालू केली. पाचव्या दिवशी सकाळी संच संपल्याचा फोन आला, तोवर त्यांनी ती बंदही केली होती.